दुसऱ्या हप्त्याच्या फीबाबत सुधारित सूचना

शैक्षणिक वर्ष 2025-26
इयत्ता 1 ली ते 10 वी
दिनांक : 23 सप्टेंबर 2025

सन्माननीय पालक,

15 सप्टेंबरला मुलांच्या डायरीतून पाठवलेली फीची सूचना रद्द समजावी. 'दुसरा हप्ता लवकरात लवकर भरावा, अन्यथा दररोज ₹10 प्रमाणे विलंब शुल्क आकारण्यात येईल' एवढेच त्यात होते. 'लवकरात लवकर' म्हणजे कोणती तारीख, रविवार मोजायचा की नाही, दिवाळीच्या सुट्टीचे दिवस धरायचे का, दोन मुले असली तर ₹20 का, हे प्रश्न आठवडाभर खिडकीवर आले आणि ते रास्तच होते. म्हणून रोजचा हिशेब काढून टाकला आहे. आता फक्त ही सूचना ग्राह्य धरावी.

किती आणि कधीपर्यंत

दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख शुक्रवार, 10 ऑक्टोबर 2025.

| इयत्ता | शिक्षण शुल्क | सत्र शुल्क (दुसरे सत्र) | भरायची रक्कम |
|---|---|---|---|
| 1 ली ते 4 थी | ₹8,200 | ₹800 | ₹9,000 |
| 5 वी ते 7 वी | ₹9,100 | ₹900 | ₹10,000 |
| 8 वी ते 10 वी | ₹10,200 | ₹1,000 | ₹11,200 |

पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेल्या फीचाच हा भाग आहे, त्यात नवीन काही वाढवलेले नाही. बसचे पैसे यात नाहीत. ते नेहमीप्रमाणे बसचालकाकडे वेगळे द्यायचे आहेत. संगणक शुल्क जूनच्या हप्त्यात पूर्ण वर्षाचे घेतले होते, ते पुन्हा लागणार नाही. तिसऱ्या हप्त्यात सत्र शुल्क नसल्याने ती रक्कम फक्त शिक्षण शुल्काएवढी असेल. तिची शेवटची तारीख 9 जानेवारी 2026 आहे.

शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांना ही सूचना लागू नाही. जूनमध्येच वर्षभराची फी भरलेल्यांनीही दुर्लक्ष करावे.

10 ऑक्टोबरनंतर भरल्यास

11 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर : ₹100
3 ते 15 नोव्हेंबर : ₹200
16 नोव्हेंबरपासून पुढे कधीही : ₹300, त्याहून जास्त नाही

हे आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत. सहावीतल्या मुलाची फी 5 नोव्हेंबरला भरली तर एकूण ₹10,200 होतात, ₹10,300 नव्हे. पहिला टप्पा मुद्दाम लांब ठेवला आहे, कारण 18 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर शाळा आणि कार्यालय दोन्ही बंद राहील. खिडकी उघडी नसताना रोख भरणाऱ्याचे शुल्क वाढत जावे, हे बरोबर नाही.

विलंब शुल्क कुटुंबामागे एकदाच. तिसरीतली बहीण आणि सातवीतला भाऊ, दोघांची फी 20 ऑक्टोबरला भरली तर ₹9,000 + ₹10,000 + ₹100 = ₹19,100. हे ₹100 मोठ्या मुलाच्या पावतीवर लागतील. ऑनलाइन भरताना मात्र दोघांचे दोन वेगळे व्यवहार करावेत. एकत्र पाठवलेले ₹19,100 कोणाच्या खाती किती, हे बँकेच्या उताऱ्यावरून कळत नाही आणि पावती अडकते.

भरण्याचे मार्ग

यूपीआय किंवा एनईएफटी : शाळेचा क्यूआर कोड, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड फी कार्डाच्या मागच्या बाजूस छापलेले आहेत. कोणी मेसेजवर दुसरा क्रमांक पाठवला तर त्यावर पैसे पाठवू नयेत, शाळा असा मेसेज पाठवत नाही. रिमार्कच्या जागी मुलाचा जनरल रजिस्टर नंबर, इयत्ता-तुकडी आणि हप्ता लिहावा. हा नंबर प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. उदाहरणार्थ, नंबर 4517, सहावी ब, दुसरा हप्ता असेल तर असे :

```
4517 6B H2
```

जूनमध्ये सर्वांत जास्त वेळ गेला तो इथेच. पैसे आले, पण रिमार्कमध्ये नुसते 'school fees' असल्याने कोणाचे ते शोधावे लागले. वडिलांच्या खात्यावरून आलेली रक्कम आणि मुलाच्या दाखल्यावरचे नाव जुळतेच असे नाही.

पैसे खात्यातून गेले ती तारीख धरली जाईल, म्हणजे 10 ऑक्टोबरच्या रात्री 11:59 पर्यंत भरलेली फी वेळेतच आहे. व्यवहार 'पेंडिंग' दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. स्क्रीनशॉट ठेवावा आणि पैसे शाळेकडे पोहोचतात की परत येतात ते पाहावे. परत आले तर परत आल्याच्या दिवसापासून दोन दिवसांत भरलेल्या फीवर विलंब शुल्क लागणार नाही. कार्यालयात येताना 12 अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक दाखवावा. स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. पावती तीन कामकाजाच्या दिवसांत मुलाकडे दिली जाईल.

चेक : शाळेच्या नावाने 'अकाउंट पेयी' रेघा मारून, मागे वरीलप्रमाणे नंबर आणि इयत्ता लिहून द्यावा. खिडकीवर चेक दिला ती तारीख धरू. चेक न वटल्यास फी भरलेली नाही असे समजले जाईल, आणि बँकेने शाळेच्या खात्यातून कापलेली नेमकी रक्कम भरून घेऊ. तिचा बँक मेमो दाखवला जाईल.

रोख : सोमवार ते शुक्रवार सकाळी 8:30 ते 1:00, शनिवारी 8:30 ते 11:00. 2 ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती असल्याने खिडकी बंद राहील. सुट्टीपूर्वी रोख भरण्याचा शेवटचा दिवस 17 ऑक्टोबर. 9 आणि 10 तारखेला रांग लागते, शक्यतो 6 ते 8 दरम्यान यावे. मुलांच्या हाती रोख रक्कम देऊ नये.

एकदम भरणे शक्य नसेल तर

मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज बुधवार, 8 ऑक्टोबरपर्यंत कार्यालयात द्यावा. कारण एका ओळीत पुरे, पुरावे जोडण्याची गरज नाही. मंजूर झाल्यास निम्मी रक्कम 10 ऑक्टोबरपर्यंत आणि उरलेली 14 नोव्हेंबरपर्यंत भरता येईल, विलंब शुल्क लागणार नाही. अर्ज न करता थोडी रक्कम भरल्यास उरलेल्या रकमेवर वरच्या टप्प्यांप्रमाणे शुल्क लागेल. शुल्क टाळायला ऑक्टोबरअखेर आणलेला अर्ज घेता येणार नाही, त्यामुळे आधी यावे.

फीसाठी कोणत्याही मुलाला वर्गात उभे केले जाणार नाही, परीक्षेला बसण्यापासून अडवले जाणार नाही, आणि वर्गशिक्षक मुलांपाशी याचा विषय काढणार नाहीत. बोलायचे ते कार्यालय पालकांशीच बोलेल.

पावतीबद्दल

पावतीवर शिक्षण शुल्क, सत्र शुल्क आणि विलंब शुल्क तीन वेगळ्या ओळींत असतील. जुन्या करप्रणालीत कलम 80सी खाली सवलत घेणाऱ्यांनी फक्त शिक्षण शुल्काची ओळ धरावी, सत्र शुल्क आणि विलंब शुल्क त्यात बसत नाहीत. पावती हरवल्यास दुय्यम प्रत खिडकीवर मिळेल, पण मार्चअखेर त्यासाठी गर्दी होते.

ही सूचना मिळाल्याची सही मुलाच्या डायरीत 26 सप्टेंबरपर्यंत करावी. रकमेत किंवा नावात चूक दिसली तर फी भरण्याआधी कळवावे, भरल्यावर दुरुस्तीला वेळ लागतो.

मुख्याध्यापक
शाळा कार्यालय