चिंतन-नोंद: ‘अँटिगनी’, पहिल्या खर्ड्यापासून तिसऱ्यापर्यंत

बुधवार, रात्री

सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकावरचा निबंध उद्या द्यायचा आहे. सोबत ही नोंदही जोडायची असल्याने तिन्ही खर्डे शेजारी ठेवून वाचले. शीर्षकं पाहिली तरी प्रवास कळतो: ‘अन्यायी सत्तेविरुद्ध एकटी मुलगी’, मग ‘दोन सत्यांची टक्कर’, आणि आता ‘मेलेल्यांना आधी’. तिसरं शीर्षक कानाला जरा खटकतं, पण बदलणार नाही.

पहिल्या खर्ड्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. राजा क्रेऑन हुकूम काढतो की पॉलिनायसिसचं प्रेत उघड्यावर पडू द्यायचं, त्याची बहीण अँटिगनी त्याच्यावर माती टाकते, राजा तिला जिवंत गुहेत कोंडतो. यात बाजू घेणं सोपं होतं आणि मी ती घेतली. राजाचा मुलगा हायमॉन, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय, बापाला सांगतो की नगरातले लोक तिच्यासाठी दबक्या आवाजात हळहळत आहेत. ते वाक्य मी ठळक करून टाकलं होतं. मॅडमनी समासात एवढंच विचारलं, “नाटकाच्या १३५३ ओळी आहेत. ती ९४३व्या ओळीला निघून जाते. उरलेलं नाटक कोणाचं?”

या प्रश्नाने दुसरा खर्डा जन्माला घातला. उरलेलं नाटक क्रेऑनचं आहे. मुलगा जातो, बायको जाते, आणि शेवटी रंगमंचावर सगळं भोगायला तो एकटा उरतो. मग तत्त्वज्ञ हेगेलचं मत हाताशी आलं: कुटुंबाचा धर्म आणि राज्याचा धर्म, दोन्ही न्याय्य, दोन्ही एकांगी, म्हणून टक्कर. दोन रकाने करून निबंध लिहिला. तिचे देव, त्याचे देव. तिचा हट्ट, त्याचा हट्ट. वाचायला छान वाटत होता, आणि मला वाटतं तोच त्याचा दोष होता. प्रत्येक वाक्याला दुसऱ्या रकान्यात जोडीदार सापडत होता, आणि जे वाक्य कुठल्याच रकान्यात बसेना ते मी सोडून देत होते.

सोडलेल्यांत सर्वांत मोठं होतं गुहेकडे नेत असतानाचं तिचं भाषण. नवरा किंवा मूल मेलं असतं तर नगराचा विरोध पत्करून मी हे केलं नसतं, असं ती तिथे म्हणते. नवरा दुसरा मिळाला असता, मूल दुसरं झालं असतं. आईवडीलच नाहीत तर भाऊ कुठून येणार? जर्मन कवी गटेला ह्या ओळी इतक्या खुपल्या की त्या मूळच्या नाहीत हे कोणीतरी विद्वानाने सिद्ध करावं अशी त्याने इच्छा केली होती. काही संपादकांनी त्या प्रक्षिप्त मानल्याही. पण अ‍ॅरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात त्या उद्धृत करतो, म्हणजे त्याच्या काळी त्या नाटकात होत्या. मी त्या ठेवायचं ठरवलं. ‘कुटुंबाचा धर्म’ हा रकाना तिथेच फुटला, कारण नवरा आणि मूल हे कुटुंब नाही तर काय?

त्यानंतर मी फक्त एक गोष्ट शोधत नाटक पुन्हा वाचलं: ती जिवंत माणसांशी कशी वागते. तिची बहीण इस्मीन शेवटी शिक्षेत वाटा मागते तर ती तिला झिडकारते. तू जगणं निवडलंस, माझा जीव तर मृतांची सेवा करण्यासाठी कधीच मेला आहे, असं सुनावते. हायमॉनविषयी तिच्या तोंडी जवळजवळ काहीच नाही. ‘लाडक्या हायमॉन’ असा उद्गार एका ओळीत येतो खरा, पण हस्तलिखितांत तो इस्मीनचा आहे. काही संपादकांनी तो अँटिगनीला दिला. माझ्या प्रतीत तो तिच्याच नावावर छापलाय, आणि त्याच आधारावर पहिल्या खर्ड्यात मी तिच्या प्रेमावर अर्धं पान लिहिलं होतं! शेवटी शेवटी ती स्वतःला राजकुळातली उरलेली एकटी म्हणवते. इस्मीन त्या वेळी जिवंत आहे.

इथपर्यंत आल्यावर तिसरा खर्डा तिच्याविरुद्ध झुकणार असं वाटलं होतं. तसं झालं नाही, ते एका क्रमामुळे. आंधळा द्रष्टा टायरेसियस याच्या भाकिताने क्रेऑन हादरतो. नगरातल्या वृद्धांचा कोरस त्याला स्पष्ट सांगतो: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला थडगं दे. क्रेऑन स्वतः म्हणतो, मी बांधलं, मीच सोडवीन. आणि दूत येऊन काय सांगतो? ते आधी मैदानावर गेले, कुत्र्यांनी फाडलेलं प्रेत धुतलं, जाळलं, मातीचा उंचवटा रचला, आणि मग गुहेकडे वळले. तिथे तिने गळफास घेतलेला होता.

म्हणजे राजा वळतो तेव्हा तो नेमकं अँटिगनीचंच काम करतो. तेच प्रेत, तेच विधी, आणि तिच्यासारखंच जिवंत माणसाच्या आधी मेलेल्याचं. दुसऱ्या खर्ड्यात मी ज्यांना दोन टोकांना उभं केलं होतं ते इथे एकाच जागी येतात. टायरेसियसने दोन गुन्हे सांगितले होते: वरच्यांतली एक तू खाली कोंडलीस, खालच्यांतला एक वर अडवलास. क्रेऑनच्या मनावर दुसऱ्याची छाप जास्त पडली असावी. वेद्या विटाळल्या, पक्षी कर्कश ओरडतात, देव आहुती घेत नाहीत, हे सगळं प्रेताशी जोडलेलं होतं.

या परिच्छेदात मी एक वाक्य घातलं होतं: ‘क्रेऑन आधी गुहेकडे गेला असता तर ती वाचली असती.’ मॅडमनी खाली रेघ मारून विचारलं, “कुठे लिहिलंय?” कुठेच नाही. तिने फास कधी घेतला ते नाटक सांगत नाही. ते वाक्य काढलं आणि परिच्छेद उलट घट्ट झाला, कारण माझा मुद्दा ती वाचण्याचा नव्हताच. त्या राजाने कोणाला आधी मोजलं, याचा होता.

तुकडीतल्या एकीचा आक्षेप दमदार आहे. तिच्या मते हा क्रम नाटककाराची सोय आहे: गुहा शेवटी आली नाही तर दूताचं निवेदन चढत कसं जाईल? हे मला पटतं. पण सोय असली तरी प्रेक्षकाने ऐकलेला क्रम तोच राहतो, आणि कोरसचा उलटा सल्ला थोड्याच ओळी आधी ऐकवलेला असतो. सोफोक्लीजला फक्त चढण हवी असती तर तो सल्ला त्याने असा क्रमवार लिहिलाच का असता? आक्षेप निबंधात घेतलाय, उत्तरही दिलंय; तिचं पूर्ण समाधान होईल असं नाही.

अडचण उरली ती इस्मीनची. ती शिक्षेतून सुटते आणि पुढे नाटकात कोणी तिचं नावही घेत नाही. माझ्या मांडणीला हे इतकं सोयीचं आहे की मला त्याची धास्ती वाटते. पात्र विसरलं जाणं आणि पात्राला विसरवलं जाणं यांत फरक कसा दाखवायचा ते मला अजून जमलेलं नाही. म्हणून तिच्यावरचा परिच्छेद मुख्य मजकुरातून काढून तळटीप केली. मॅडम म्हणतील वर आण. तर वर्गात भांडेन.