उधाण! १५-१६ जानेवारी, रत्नागिरी

स्लाइड १

ओ रत्नागिरीकर, लांजेकर, राजापूरकर, देवरूखकर, आणि हो, तू पण, जो लेक्चरला मागच्या बाकावर बसून हे स्क्रोल करतोयस!
आपल्या कॉलेजचा फेस्ट परत आलाय
उधाण
शुक्रवार १५ आणि शनिवार १६ जानेवारी
दोन दिवस, सहा स्पर्धा, ८८ हजारांची बक्षिसं
पुढे सरकव, डावीकडे डावीकडे 👉

स्लाइड २: यंदा काय वेगळं?

सरळ सांगतो. दरवेळी फेस्ट म्हणजे डीजे, धूर आणि त्याच त्या पाच गाण्यांवरचा डान्स. तो पण आहे, टेन्शन नको. पण यंदा सगळ्यात मोठं बक्षीस त्याला नाहीये, ते आहे जाखडीला!
गणपतीत वाडीवाडीत नाचता ना, पायात घुंगरू बांधून, घामाघूम होईपर्यंत? मग कॉलेजात आल्यावर काय होतं, 'मला नाही येत' म्हणून कोपऱ्यात उभे! चालणार नाही. आजोबांचा मृदंग माळ्यावरून काढा, गावातल्या बुवांकडून चाल बसवून घ्या आणि या.
आणि जाखडी स्टेजवर होणार नाही. मृदंगवाला आणि गाणारे मध्ये बसतात, नाचणारे भोवती गोल फिरतात, हे समोरून एका बाजूने बघण्यात काय मजा? म्हणून थेट मैदानात, मातीत, चारी बाजूंनी पब्लिक. चपला बाहेर काढाव्या लागतील, आत्ताच सांगून ठेवतो.

स्लाइड ३: शुक्रवार, १५ जानेवारी

सकाळी ८.३०: नोंदणी टेबल उघडेल, चहा आमच्याकडून
९ ते ११.३०: वाळूशिल्प, भाट्ये बीच
१०.३०: क्विझची पहिली फेरी, सेमिनार हॉल
१२: कविता, लायब्ररीसमोरचा व्हरांडा
दुपारी २.३० ते ६: जाखडी, मैदान

वाळूशिल्प सकाळीच का, दुपारी का नाही, असं विचारून डीएम भरलेत म्हणून एकदाच सांगतो. त्या दिवशी अष्टमीच्या आसपासचा भांग आहे, सकाळी पाणी उतरत जाणार आणि दुपारच्या आधी सुकती. उतरत्या पाण्यामागची वाळू ओली, घट्ट, हात लावला की आकार धरते. दुपारनंतर पाणी परत चढायला लागतं, तेव्हा तुमचा किल्ला, कासव, जे काय असेल ते समुद्राचं. फेस्टचं नाव उधाण आणि तारीख पडली भांगाला, हा जोक आम्ही ऑलरेडी केलाय, तुम्ही नका करू.

स्लाइड ४: शनिवार, १६ जानेवारी

सकाळी ९.३० ते १: एकांकिका, मेन हॉल (फक्त ४ टीम, प्रत्येकी ३५ मिनिटं, सेट लावायला १० मिनिटं, घड्याळ आमचं)
दुपारी २ ते ४: ग्रुप डान्स, ओपन स्टेज
४.१५: क्विझ फायनल
५.३०: बक्षीस समारंभ
६.३०: माईक बंद!

हो, साडेसहाला बंद. 'एवढ्या लवकर?' असं फक्त शहरात राहणारे विचारतात. अर्धं कॉलेज एसटीने येतं भावा. गाडी चुकली की मग स्टँडवर बसून घरी फोन, घरून ओरडा, आणि पुढच्या वर्षी मुलींना फेस्टला पाठवतच नाहीत. तर भाषणं कमी, कार्यक्रम वेळेत. पाहुण्यांना पण सांगितलंय, तीन मिनिटं. (बघू)

स्लाइड ५: कुठे यायचं?

बाहेरगावच्या टीमसाठी: एसटीने आलात तर स्टँडवरून रिक्षा नाहीतर सिटी बस पकडून मारुती मंदिर सर्कलला उतरा, तिथून कॉलेज चालत दहा मिनिटं, कोणालाही विचारा. रेल्वेने येणाऱ्यांनो, स्टेशन गावाच्या बाहेर आहे, 'उतरलो की पोचलो' असं धरू नका, हातात पाऊण तास जादा ठेवा. ढोल, मृदंग, सेटचं सामान असेल तर फॉर्ममध्ये टिक करा, टेम्पो पाठवू.
वाळूशिल्पवाल्यांनी कॉलेजला यायचंच नाही, डायरेक्ट भाट्ये. पूल ओलांडला की सुरूच्या बनाजवळ आमचा निळा झेंडा दिसेल. फावडी, बादल्या आम्ही देऊ. टोपी तुमची तुम्ही आणा, ऊन लागून आडवा झालेला शिल्पकार आम्ही सांभाळणार नाही.
लाईट गेली तर? जनरेटर आहे. कोकणात राहतो आम्ही, माहितीये.

स्लाइड ६: बक्षिसं 🏆

जाखडी: १५ हजार / १० हजार / ५ हजार
ग्रुप डान्स: ११ हजार / ७ हजार / ४ हजार
एकांकिका: १२ हजार / ८ हजार
वाळूशिल्प: ५ हजार / ३ हजार
क्विझ: ३ हजार / २ हजार
कविता: २ हजार / १ हजार

पैसे त्याच संध्याकाळी, टीम लीडरच्या खात्यात. 'नंतर कळवू' नाही.
कविता कमी पैशांची आहे म्हणून नाक मुरडू नका, केशवसुत इथल्याच मालगुंडचे, तेव्हा माईकसमोर उभं राहायला निदान आपल्याकडे तरी लाज वाटायला नको. मालवणी, संगमेश्वरी, दालदी, आगरी, जी घरात बोलता ती भाषा चालेल. पाठ नसेल तर कागद बघून वाचा. दुसऱ्याची मात्र नको, परीक्षकांना फेसबुक वापरता येतं.

स्लाइड ७: रजिस्ट्रेशन

बायोमधल्या लिंकवर फॉर्म आहे, दोन मिनिटांचं काम. मोबाईलला रेंज नसेल (गावाकडे असतातच असे पॉइंट, घराच्या मागच्या कलमाखाली उभं राहून बघा) तर कॅन्टीनच्या बाजूला टेबल टाकलंय, रोज ११ ते २, कागदावर नाव लिहा.

जाखडी: टीमला ६०० रु., १२ ते २० जण, फक्त १० टीम
ग्रुप डान्स: टीमला ६०० रु., ६ ते १५ जण, १५ टीम
एकांकिका: टीमला ८०० रु.
वाळूशिल्प: टीमला २०० रु., चौघं
क्विझ: जोडीला १०० रु.
कविता: फ्री!

शेवटची तारीख ८ जानेवारी, रात्री १२. त्यानंतर 'दादा एक नाव घाल ना' असे मेसेज आले तर ब्लू टिक दिसेल, उत्तर दिसणार नाही. क्यूआरवर पैसे भरल्यावर स्क्रीनशॉट फॉर्मलाच जोडा, ग्रुपवर टाकू नका. कॉलेजचं आयकार्ड कंपल्सरी. जाखडीत मात्र मृदंगवाला आणि गाणारे बुवा बाहेरचे चालतील, एवढी सूट आहे.

स्लाइड ८: खाऊगल्ली

हे कसं विसरणार! घावणे-चटणी, आंबोळी, सोलकढी, कोकम सरबत, फणसपोळी, सगळं मुलामुलींच्या घरून. 'हापूस आहे का' असं जानेवारीत विचारणाऱ्याला पुणेकर समजून प्रेमाने परत पाठवण्यात येईल, झाडाला आत्ता कुठे मोहोर धरलाय. स्टीलचा ग्लास आणलात तर सोलकढी ५ रुपये कमी, प्लॅस्टिकचा कचरा दुसऱ्या दिवशी आम्हालाच उचलायचा असतो.

क्विझसाठी एक सोपा नमुना: ब्रह्मदेशचा कुठला राजा १९१६ मध्ये रत्नागिरीत वारला? जो 'गूगल करतो' म्हणाला तो बाद, त्याचा राजवाडा गावातच उभा आहे!

कॅप्शन

टीम जमवा, नाव ठरवा, आज रात्री फॉर्म भरा. ज्याच्या भरवशावर टीम आहे पण जो ग्रुपवर नुसता 'बघतो' म्हणतो त्याला खाली टॅग करा. व्हॉलंटियर व्हायचंय? कमेंटमध्ये 'मी' लिहा, टीशर्ट मिळेल, झोप मिळणार नाही. जाखडीच्या १० पैकी ३ जागा गेल्यात!

#उधाण #रत्नागिरी #कोकण #जाखडी #कॉलेजफेस्ट