प्राथमिक शिक्षिका पदासाठी अर्ज

दि. 12 मे 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
प्राथमिक शाळा, दर्यापूर, जि. अमरावती

विषय : प्राथमिक शिक्षिका पदासाठी अर्ज

महोदय,
आपल्या शाळेत इयत्ता 1 ली ते 4 थीसाठी शिक्षिका हवी असल्याचे सूचना फलकावर वाचले. मी बी.ए. नंतर यंदा डी.एल.एड. पूर्ण केले असून टीईटी पेपर 1 उत्तीर्ण आहे.

आंतरवासिता जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. दुसरीतल्या एका मुलीला हातच्याची बेरीज काही केल्या जमत नव्हती. तुरीचे दहा-दहा दाणे पुडीत बांधून तिच्यासमोर ठेवले. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पुडी बांधत म्हणाली, "मॅडम, हे तं सोपं हाय!" मुलांची वऱ्हाडी न तोडता त्यांना प्रमाण मराठीपर्यंत न्यावे, असे मला मनापासून वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबापासोबत वावरात जाणाऱ्या मुलांचा मागे पडलेला अभ्यास मी शाळा सुटल्यावर भरून घेत असे. इथेही घेईन.

नोकरीचा अनुभव नाही, पण वर्गावर पाठ घेऊन दाखवायला मी केव्हाही तयार आहे. मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
कु. प्रणाली वानखडे

सोबत : गुणपत्रिका, टीईटी प्रमाणपत्र व शाळा सोडल्याचा दाखला यांच्या छायांकित प्रती