पत्रलेखन सराव : समृद्धी, तुला 6 पैकी 3

समृद्धी, पेपर तपासला, फोटो पाठवलेत तीन, पण लाल पेनात लिहिलेलं फोटोत नीट दिसत नाहीये म्हणून इथेच सगळं टाईप करते. आधी मार्क बघून तोंड पाडू नकोस, पूर्ण वाच.

प्रश्न परत एकदा डोळ्यासमोर आण. वाईच्या एका महिला बचत गटाचं निवेदन होतं, कापडी पिशव्या, लहान 25 रुपये, मोठी 40 रुपये, 100 पेक्षा जास्त घेतल्या तर 10% सूट, संपर्क अध्यक्षा. आणि खाली, 'आरोही, विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने 26 जानेवारीच्या प्लॅस्टिकमुक्त शाळा उपक्रमासाठी पिशव्यांची मागणी करणारे पत्र लिहा.' आरोहीचा पत्ता आणि ई-मेलसुद्धा दिलेला होता. म्हणजे अर्धं पत्र प्रश्नातच होतं गं!

मी सहा मार्क असे वाटते : प्रारूप 2, मजकूर 3, भाषा 1. सुरुवात, मायना, शेवट हे सगळं प्रारूपात धरते. तुला प्रारूपात अर्धा, मजकुराला 2, भाषेला अर्धा. झाले 3.

प्रारूप

पहिलाच घोळ, तू तुझा पत्ता वर उजव्या कोपऱ्यात लिहिलास. हे तुला आईने शिकवलं असणार, बरोबर ना? आम्हीपण तसंच लिहायचो, उजवीकडे पत्ता, त्याखाली तारीख, आणि शेवटी चौकोन काढून पाकीट, त्यावर तिकिटाचा छोटा चौकोन. तू तोही काढलायस, पट्टीने, छान काढलायस, पण त्याला आता मार्क नाहीत आणि त्यात तुझी पाच मिनिटं गेली. आता ई-मेलसारखा फॉर्मॅट आहे, सगळं डाव्या समासाला चिकटून. वर दिनांक, मग प्रति, मग ज्यांना लिहितोय त्यांचं पद आणि पत्ता, मग विषय, मायना, मजकूर, आणि पाठवणाऱ्याचं नाव पत्ता ई-मेल सगळ्यात खाली. आईला सांग रागावू नका, त्यांच्या काळात तेच बरोबर होतं.

दिनांक. तू 2 फेब्रुवारी लिहिलीस, कारण त्या दिवशी सराव पेपर होता. पण उपक्रम 26 जानेवारीला आहे! म्हणजे झेंडावंदन होऊन आठवडा उलटल्यावर पिशव्या मागतेयस. पत्रातली तारीख प्रश्नातल्या गोष्टीला धरून पाहिजे, 5 जानेवारी, 8 जानेवारी काहीही चाललं असतं, शिवायला वेळ मिळेल इतकी आधीची.

नाव. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि वर्गात निम्म्या लोकांनी हे केलंय. तू खाली स्वतःचं नाव आणि आपल्या शाळेचं खरं नाव लिहिलंस. बोर्डाच्या पेपरवर बारकोड स्टिकर कशासाठी लावतात, तर तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळू नये म्हणून, आणि तू आत पत्रात सगळी कुंडली देऊन टाकतेस. प्रश्नात आरोही दिलीय तर तू आरोही. नाव दिलंच नसेल तर अ. ब. क. लिहायचं. शाळेचंही तसंच. ही सवय आत्ताच लाव, परीक्षेच्या हॉलमध्ये हात आपोआप स्वतःच्या नावाकडे जातो.

मग विषय. तू लिहिलंस, 'विषय : पिशव्या पाहिजेत.' मी वाचून हसले आधी, खरं सांगते, पण हे दुकानाच्या काउंटरवर बोलतो तसं झालं. विषय एका ओळीत असा पाहिजे की उघडणाऱ्याला खालचं न वाचताही कळावं काय काम आहे : 'शालेय उपक्रमासाठी कापडी पिशव्यांची मागणी करण्याबाबत.' गाईडमध्ये 'करणेबाबत' असतं, ती सरकारी कागदांतली भाषा, त्याला मी मार्क कापत नाही, पण मला स्वतःला 'करण्याबाबत' आवडतं.

मायना आणि शेवट

इथे जास्त लिहितेय कारण तुझं सगळ्यात जास्त इथेच हुकलंय.

तू लिहिलंस, 'माननीय महोदय, सा. न. वि. वि. पत्रास कारण की...' आता बघ. निवेदनात अध्यक्षा लिहिलंय, म्हणजे बाई आहेत, तिथे महोदय कसं चालेल? महोदया. हा एक काना आहे फक्त, पण त्यावरून तपासणाऱ्याला लगेच कळतं की मुलीने प्रश्न वाचलाय की पाठ केलेलं ओतलंय. आणि 'सा. न. वि. वि.' ही खिचडी झाली. सा. न. म्हणजे साष्टांग नमस्कार, तो आजोबांना, मामाला, घरातल्या वडीलधाऱ्यांना. स. न. वि. वि. म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, ते जुन्या पद्धतीच्या पत्रात बाहेरच्या माणसाला चालायचं. तू दोन्ही जोडून बचत गटाच्या अध्यक्षांना साष्टांग घातलास आणि विनंती विशेषही केलंस. आताच्या फॉर्मॅटला यातलं काहीच नको, 'महोदया,' लिहायचं, स्वल्पविराम, खाली मजकूर सुरू. 'पत्रास कारण की' पण नको, विषय वर लिहिल्यावर कारण सांगून झालेलंच असतं.

शेवटाला तू 'कळावे, लोभ असावा, ही विनंती' आणि खाली 'आपला आज्ञाधारक'. लोभ असावा हे आत्याला लिहायचं गं, पिशव्या विकणाऱ्यांकडून लोभ कशाला हवाय आपल्याला, पिशव्या वेळेत आल्या की झालं! आज्ञाधारक हे मुख्याध्यापकांना अर्ज करताना, कारण त्यांची आज्ञा आपण पाळतो. बचत गटाची कुठली आज्ञा पाळणार आहेस? आणि आरोही मुलगी असून 'आपला'. मागणी पत्राला 'आपली विश्वासू'. विनंती पत्र असेल, म्हणजे देणगी किंवा एखादी गोष्ट फुकट द्या असं असेल, तर 'आपली कृपाभिलाषी' चालतं. अभिनंदनाच्या पत्रात पुन्हा विश्वासू नको, तिथे कुणाला लिहितोय ते बघून ठरवायचं, मैत्रिणीला लिहिलं तर 'तुझी मैत्रीण' एवढंच बास.

मजकूर आणि टोन

यात तुला 2 दिलेत आणि ते मनापासून दिलेत. तुझं एक वाक्य आहे, 'पिशवीवर प्लॅस्टिक टाळा असे छापून मिळेल का व त्याचे वेगळे पैसे लागतील का ते कळवावे.' हे निवेदनात नव्हतं, गाईडमध्ये नव्हतं, तू स्वतः विचार केलास की खरंच पिशव्या घ्यायच्या असत्या तर काय विचारलं असतं. बाकी चाळीस पेपरांत हे कुणीच लिहिलं नाही. तिथे शेजारी दोनदा टिक केलंय बघ.

मग एक मार्क कुठे गेला? तू लिहिलंस 'एकूण 120 पिशव्या पाठवणे.' लहान किती, मोठ्या किती? त्या बाईंनी काय समजून शिवायचं? 80 लहान आणि 40 मोठ्या असं लिहिलं की त्यांचं काम सुरू होतं. हिशोबही होतो, 2000 आणि 1600, झाले 3600, त्यातून 10% म्हणजे 360 गेले, राहिले 3240. पत्रात हा हिशोब लिहायलाच पाहिजे असं नाही, पण मागणी पत्राचा जीव संख्येत असतो आणि तुझी संख्या अर्धवट आहे. शिवाय पोचवायच्या कुठे आणि कधीपर्यंत हेही राहिलं, 'लवकर' लिहिलंयस फक्त.

आता टोन. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात असं आहे : 'आम्ही गरीब विद्यार्थी आहोत, आमच्यावर दया करून सूट द्यावी.' आणि पुढच्याच ओळीत : 'लगेच पाठवा नाहीतर आम्ही दुसरीकडून घेऊ.' एकाच श्वासात हात जोडलेस आणि दमही दिलास. सूट त्यांनी स्वतः जाहीर केलीय, 100 च्या वर घेतोय म्हणजे ती आपल्या हक्काची आहे, तिथे दया कशाला. आणि धमकीची तर गरजच नाही, त्यांनी अजून उशीर केलेलाच नाहीये. ज्याला आपण ओळखत नाही पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय अशा माणसाशी सरळ बोलायचं, नम्र पण कणा ताठ. बँकेत बाबा बोलतात ना काउंटरवर, तसं.

'पाठवणे' 'कळवणे' हेही काढ. एका वाक्यात कळवावे, दुसऱ्यात पाठवणे, तिसऱ्यात पाठवा, असं तीन तऱ्हेचं झालंय, म्हणून भाषेचा अर्धा गेला. 'पाठवाव्यात', 'कळवावे' असं एकसारखं ठेव. 'जाहीरात' नाही, 'जाहिरात', पहिली हि. हे तू वर्षभर चुकतेयस.

मी तुझंच पत्र तुझ्याच मुद्द्यांवर परत लिहून देते, वहीत उतरव, पण पाठ करू नकोस :

> दिनांक : 6 जानेवारी
>
> प्रति,
> माननीय अध्यक्षा,
> महिला बचत गट,
> वाई, जि. सातारा.
>
> विषय : शालेय उपक्रमासाठी कापडी पिशव्यांची मागणी करण्याबाबत.
>
> महोदया,
>
> आपल्या कापडी पिशव्यांची जाहिरात वाचली. आमच्या शाळेत 26 जानेवारी रोजी 'प्लॅस्टिकमुक्त शाळा' हा उपक्रम होणार आहे. त्यासाठी आम्हांला 80 लहान व 40 मोठ्या अशा एकूण 120 कापडी पिशव्या हव्या आहेत.
>
> आपण 100 पेक्षा जास्त पिशव्यांवर 10% सूट जाहीर केली आहे. ती वजा करून बिल शाळेच्या नावे पाठवावे, रक्कम धनादेशाने दिली जाईल. पिशव्यांवर 'प्लॅस्टिक टाळा' असे छापून मिळेल का आणि त्यासाठी वेगळा खर्च येईल का, तेही कळवावे.
>
> पिशव्या 22 जानेवारीपर्यंत शाळेच्या पत्त्यावर पोहोचतील अशी व्यवस्था करावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> आरोही
> विद्यार्थी प्रतिनिधी,
> अ. ब. क. विद्यालय, वाई, जि. सातारा.
> ई-मेल : aarohi10@example.com

बघ, तुझ्यापेक्षा कमी ओळींत झालं. तू दीड पान लिहिलंस, त्यातलं अर्धं पान प्लॅस्टिकने गायी मरतात, नद्या तुंबतात यावर होतं. ते निबंधात लिही, तिथे 8 मार्क आहेत. बचत गटाच्या बाईंना प्लॅस्टिकचं काय सांगतेस, त्या तर कापडी पिशव्याच शिवतायत!

उपयोजित लेखनाच्या 24 मार्कांत पत्राचे 6 हे त्यातल्या त्यात सोपे, कारण प्रारूपाला कल्पनाशक्ती लागत नाही. तुझी कल्पना चांगली आहे आणि प्रारूप कच्चं, वर्गात बाकीच्यांचं उलटं आहे. त्यामुळे तुझे दोन-अडीच मार्क आठ दिवसांत वाढू शकतात, त्यांना वेळ लागेल.

सोमवारी वहीत दुसरं पत्र पाहिजे. याच निवेदनावर, पण आता अभिनंदनाचं : त्याच बचत गटाला जिल्हास्तरीय प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालंय असं समज आणि आरोही म्हणूनच लिही. त्यात 'आपली विश्वासू' लिहायचं का नाही हे तूच ठरव आणि का ते समासात पेन्सिलने लिहून आण. पाकीट काढू नकोस.