नववर्ष सभेतील सचिवांचे मनोगत, रविवार, ४ जानेवारी २०२६

आजी-आजोबा, काका-काकू आणि मंडळी, नमस्कार. नवीन वर्षाच्या मनापासून शुभेच्छा.

गेल्या जुलैत पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं आणि बी विंगची लिफ्ट चार दिवस बंद राहिली. कारण काय निघालं? गच्चीवरच्या पावसाळी पाइपाच्या तोंडाशी कुजलेला पाला आणि त्यात अडकलेला एक प्लॅस्टिकचा चेंडू. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायला पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून यंदा तारखा आधीच ठरवल्या आहेत.

याच महिन्यात १४ तारखेला संध्याकाळी ६ वाजता खाली अंगणात तिळगूळ आणि हळदीकुंकू. अग्निशमन यंत्रणेची तपासणी १८ जानेवारीला; तिचा फॉर्म बी कायद्याने जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो, तेव्हा जुलैची तारीखही १९ धरून ठेवा. २६ जानेवारीला सकाळी ८ ला झेंडावंदन.

फेब्रुवारीत १५ तारखेला टाक्यांची सफाई. सकाळी ९ ते दुपारी ४ नळाला पाणी नसेल, आदल्या रात्रीच भरून ठेवा. दुसरी सफाई १ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आधी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. मुलांनो, कविता पाठ करायला आत्तापासून लागा!

१९ मार्चला गुढीपाडवा, गेटवर सगळ्यांची मिळून एक गुढी. एप्रिलमध्ये १२ तारखेला लिफ्टची मोठी सर्व्हिसिंग, एका वेळी एकाच विंगची, म्हणजे कुणाची अडचण होणार नाही.

मे महिना मात्र माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. १० मेला गच्ची, पन्हाळी आणि पावसाळी पाइप साफ करायचे, १७ मेला ड्रेनेजची चेंबरं उघडायची. कामगार येतीलच, पण प्रत्येक विंगमधून दोन माणसं वर उभी हवीत. बादलीभर पाणी ओतून ते खाली गटारात पडतंय, हे डोळ्यांनी पाहायचं. ७ जूनला पावसाळी पाण्याच्या शोषखड्ड्याची पाहणी करू.

१५ ऑगस्टला झेंडावंदन, ३० ऑगस्टला वार्षिक सर्वसाधारण सभा. १४ सप्टेंबरला गणपती बसतील, मूर्ती शाडूचीच. सातव्या दिवशी, रविवारी २० तारखेला, अंगणातल्या हौदात विसर्जन. ती माती कुंड्यांत वापरू. ऑक्टोबरात कोजागरीचं मसाला दूध, ८ नोव्हेंबरला दिवाळी पहाट, १३ डिसेंबरला मुलांच्या खेळांच्या स्पर्धा.

आता मेंटेनन्सचं. बिल दर तिमाहीला निघेल आणि जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांच्या १० तारखेपर्यंत भरायचं. ज्यांना एकरकमी जड जातंय त्यांनी मला एकट्याला येऊन सांगा, आपण हप्ते पाडून घेऊ. त्यात संकोच नको.

१० मेसाठीची वही समोरच्या टेबलावर आहे. ए विंगचं पहिलं नाव मी लिहिलंय, दुसरं कोण लिहितंय?