खालीत पळणारा हात

जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले आणि दोन महिन्यांत तबला शिकायला लागले, वय ५८. परभणीत आमच्या गल्लीत जो मुलगा क्लास घेतो तो चौथीत माझ्याच वर्गात होता, मी त्याला सर म्हणते आणि तो मला अजून बाईच म्हणतो.

पहिले दोन महिने नुसतं ना, तिं, धिं. तर्जनी चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, अशी पडली पाहिजे की सूर घुमला पाहिजे, माझा नुसता टक्क वाजायचा, बोटांच्या टोकाला लै दुखायचं. त्यात मे महिन्यात इथलं ऊन, वरची चामड्याची पुडी ताणून तबल्याचा सूर चढतो, पावसाळ्यात दमट हवेत तोच उतरतो, मग हातोडीनं गट्ठे वरखाली ठोकत बसा. हे सगळं मला आवडायला लागलं खरंच, वाद्य पण हवेसोबत बदलतं हे माहीतच नव्हतं.

पण खरी गोष्ट तीनतालात कळाली. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, पहिल्या मात्रेला सम आणि नवव्याला खाली, म्हणजे तालातली रिकामी जागा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तिं तिं ता ता या बोलांना डाव्या हाताचा डग्गा गप्प असतो, त्या हातानं नुसतं थांबायचं असतं. माझं नेमकं तिथंच पळायचं. मोबाईलवर लेहरा, म्हणजे तालासोबत फिरत राहणारी धून, चालू असायचा आणि मी समेवर त्याच्या आधीच जाऊन पोचायचे, दर वेळी. सर म्हणाले, "बाई, खालीतच काहून घाई करता? बाकी सगळं बरोबर येतंय."

त्या रात्री झोप नाही आली. डोळ्यासमोर माझा वर्ग आला. सात साते किती, असं विचारलं की पोरगं वर बघायचं, ओठ हलायचे त्याचे, आणि मी दोन सेकंदही न थांबता एकोणपन्नास म्हणून टाकायचे, पुढचं गणित. तेहतीस वर्षं. मला वाटायचं मी हुशार, चटपटीत बाई आहे, पोर्शन माझा कधी मागं राहिला नाही. गप्प राहिलेली जागा मला सहनच होत नव्हती, ती मी भरून टाकायचे. आमचे हे कमी बोलतात असं मी सगळ्यांना सांगत आले, आता आठवून बघते तर त्यांचं अर्धं वाक्य मीच पूर्ण करते. हे मला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, डग्ग्याशी भांडता येत नाही.

आणि हा सर, माझाच विद्यार्थी, मी चुकले की थांबतो. बोल सांगत नाही. मला सापडेपर्यंत मांडीवर हातानं मात्रा मोजत बसतो.

परवा शनिवारी लेहरा एकदम संथ लावला. डावा हात डग्ग्यावर नुसता ठेवून दिला. चार आवर्तनं खाली नीट गेली, मला माझा श्वास ऐकू येत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता तेही. पाचव्याला परत पळाले. सर काहीच बोलले नाहीत, लेहरा पहिल्यापासून लावला.