वॉरंटीतील गिझरच्या दुरुस्तीबाबत

नेरुळ, नवी मुंबई
१२ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक,
अधिकृत सेवा केंद्र, वाशी

विषय: १५ लिटरच्या गिझरची वॉरंटीत दुरुस्ती, प्लेटचा फोटो सोबत

महोदय,

८ तारखेला मी फोनवर तक्रार द्यायला गेले, तेव्हा हा सिरियल नंबर सिस्टिममध्ये नाही असं सांगून तक्रार घेतली गेली नाही. नंबर मी स्टुलावर चढून वाचला होता. प्लेट गिझरच्या बुडाशी, दोन पाइपांच्या मागे आहे, मान वाकडी केली तरी नीट दिसत नाही. काल मुलाने मोबाईल खालून आत सरकवून फोटो काढला, तेव्हा कळलं की शेवटचा इंग्रजी आकडा ३ नसून ८ आहे. त्याच्या डाव्या बाजूवर पांढरा क्षार बसला होता. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा फोटो घेतला. पुसण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही सोबत आहेत.

प्लेटवर असं आहे: सिरियल नंबर २४०३१०४५७८, १५ लिटर, २००० वॅट, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, दाब ०.८ मेगापास्कल, उत्पादन मार्च २०२४. गिझर ९ जून २०२४ रोजी घेतला. दुकानाच्या बिलाचा कागद पार पुसट झाला आहे, पण तारीख आणि रक्कम वाचता येते, आणि त्याच दिवशीच्या यूपीआय पेमेंटची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे. वॉरंटी कार्डाप्रमाणे गिझरला आणि कॉइललाही दोन वर्षं आहेत, म्हणजे ८ जूनपर्यंत.

बिघाड असा: बटण दाबलं की पाच-सहा सेकंदांत घरातला ईएलसीबी पडतो. इलेक्ट्रिशियनने प्लग काढून फेज आणि अर्थच्या पिनांवर मेगर लावला, रीडिंग जवळपास शून्य आलं. कॉइल अर्थ झाली आहे असं त्याचं मत. त्याने झाकण उघडलेलं नाही, आपलं सील जसंच्या तसं आहे. तेव्हापासून गिझर बंदच ठेवला आहे, ईएलसीबी बायपास करून चालवण्याचा सल्ला आम्ही मानला नाही.

फोनवर क्षारयुक्त पाण्याचा आणि जास्त दाबाचाही मुद्दा निघाला होता. आमच्या सोसायटीत बोअरवेल नाही, टँकर येत नाही, महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी तेवढं येतं. गच्चीवरची टाकी आमच्या मजल्यापासून साधारण दहा मीटर उंच आहे, म्हणजे दाब ०.१ मेगापास्कलच्या आसपास. प्लेटवरच्या मर्यादेच्या आठव्या हिश्श्याइतका. प्रेशर पंप बसवलेला नाही.

घरी ८१ वर्षांचे सासरे आहेत. त्यांच्या अंघोळीसाठी रोज गॅसवर पातेलं तापवून उकळतं पाणी न्हाणीघरापर्यंत न्यावं लागतं, ओल्या फरशीवरून. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

तरी फोटोतल्या नंबरावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मला कळवावा आणि या आठवड्यात तंत्रज्ञ पाठवावा ही विनंती. सकाळी अकरानंतर कधीही आलेलं चालेल. वॉरंटी लागू नाही असं ठरलंच, तर कारण लेखी द्यावं.

माझा पत्ता आणि मोबाईल नंबर ८ तारखेच्या कॉलमध्ये दिलेलेच आहेत.

आपली विश्वासू,
मंगला शिर्के

सोबत: प्लेटचे दोन फोटो, बिल, वॉरंटी कार्ड, बँक स्टेटमेंटचं पान